केबल वाकडी धरल्यावरच चार्ज होतो? या चुका टाळा

माझ्या भावाचा तीन वर्षं वापरलेला टाइप-सी फोन रोज रात्री पुस्तकाच्या वजनाखाली झोपायचा. केबल खाली दाबून ठेवली तरच चार्जिंग चालू, हात काढला की बंद. "पोर्ट गेलंय" हा निकाल त्याने आधीच देऊन टाकला होता. नेहमीची पहिली चूक हीच.

टाइप-सीमध्ये पकड घट्ट ठेवणाऱ्या स्प्रिंग केबलच्या टोकात, म्हणजे पिनमध्ये असतात. फोनच्या पोर्टमध्ये मधोमध फक्त एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर चपटे संपर्क. ही रचना मुद्दाम केलेली आहे. झीज आधी केबलची व्हावी, कारण ती बदलणं सोपं. म्हणून आधी दुसऱ्या, शक्यतो कमी वापरलेल्या केबलने तपासा. जुनी केबल दुसऱ्या फोनला लावून पाहा. तिथेही ती सैल बसत असेल, तर दोष केबलचा.

भावाच्या दोन्ही केबल दुसऱ्या फोनवर नीट चालल्या. मग टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं. तळाशी करडा गालिचा अंथरल्यासारखी धूळ आणि खिशातले धागे. केबल लावताना दरवेळी आपणच तो कचरा आत दाबत जातो. पिन पूर्ण आत जात नाही, म्हणून तिची पकड बसत नाही आणि ती हलते. ओळखण्याची खूण म्हणजे पिन लावताना 'टक्' जाणवत नाही आणि तिच्या धातूचा भाग नेहमीपेक्षा जास्त बाहेर दिसतो.

साफ करताना लोक सुई किंवा सेफ्टी पिन घेतात. नको. त्या जिभेवरचे संपर्क ओरखडतात, आणि फोन चालू असेल तर शॉर्टही होऊ शकतो. तोंडाने फुंकर मारली की ओलावा आत जातो. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक तासून चपटं करा आणि जिभेला न रेटता कडेकडेने तळाची घाण बाहेर ओढा. घाई केली की जीभ मोडते, आणि मग खरोखर पोर्टच जातं.

भावाच्या फोनमधून बराच बोळा निघाला. केबल आत गेली, 'टक्'ही झालं, पण हलवलं की चार्जिंग पुन्हा तुटायचं. मग मी पिन हलके वरखाली करून पाहिली. पिनबरोबर पोर्टचा धातूचा साचाही डुलत होता. म्हणजे आत सोल्डरचा सांधा सुटलेला. हे टूथपिकने सुटणारं नाही.

इथे लोक आणखी एक चूक करतात: कोन साधून वापरत राहतात. अर्धवट संपर्कात रोध वाढतो आणि त्या इवल्याशा जागेत उष्णता तयार होते. रोध अर्धा ओहम झाला आणि प्रवाह २ अँपिअर असेल, तर २ वॉट तिथेच जळतात. पिन गरम लागत असेल, काळा डाग किंवा जळका वास असेल, तर तो चार्जर लगेच काढा. रात्रभर लावून झोपू नका. आणि फोन अजून चार्ज होतोय तोवरच बॅकअप घ्या. बॅटरी संपली आणि पोर्ट साथ देईना, की आतले फोटो आतच राहतात.

आता दुरुस्ती परवडते का? हे फोनच्या किमतीआधी एका प्रश्नावर अवलंबून आहे: पोर्ट वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डवर आहे की थेट मदरबोर्डवर? बऱ्याच फोनमध्ये ते वेगळ्या बोर्डवर असतं. स्क्रू काढा, फ्लेक्स केबल सोडवा, नवा बोर्ड बसवा. ही दुरुस्ती मी जवळपास नेहमी करून घेईन. पोर्ट मदरबोर्डवर असेल, तर गरम हवेने सोल्डर वितळवून काढावं लागतं, आणि शेजारचे बारीक भाग बिघडण्याची जोखीम असते. तिथे दुरुस्तीचा खर्च फोनच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेला, की मी थांबतो. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या फोनवर तर त्याआधीच. वायरलेस चार्जिंग असेल, तर काही महिने ढकलता येतात.

बोर्ड बदलायला देताना विचारा, फास्ट चार्जिंग आणि माइक तपासून देणार का? माइक बहुतेकदा त्याच बोर्डवर असतो आणि स्वस्त बोर्डमध्ये या दोन्हींत फसगत होते. पाठ उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं गृहीत धरू नका.

भावाचं पोर्ट वेगळ्या बोर्डवर निघालं. पाठ उघडलेलीच होती आणि बॅटरीही दुपारपर्यंतच टिकायची, म्हणून तीही त्याच वेळी बदलली. पुस्तक परत कपाटात गेलं.