नवीन आलेल्यांसाठी: उंचीवर ग्राइंडर चालवायचा असेल तर

मंडळी, इथे रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामातल्या सुरक्षेबद्दल छोटं बोलणं, होतो आणि शेवटी हजेरीच्या कागदावर सही घेतात. बोललेलं कळलं नसेल तर घाईघाईने सही करून मोकळे होऊ नका, कारण ती सही म्हणजे "मला सगळं समजलं" असं लिहून दिल्यासारखं आहे. "पुन्हा सांगा, हाताने करून दाखवा" म्हणायला लाजू नका.

आज एकच काम धरू. जमिनीपासून ४ मीटर उंच परांचीवर उभं राहून ग्राइंडरने लोखंडी अँगल कापायचा आहे.

आधी हेल्मेट. कवच आणि आतली पट्ट्यांची जाळी यांच्यामधली मोकळी जागा रिकामीच हवी. वरून बोल्ट पडला तर जाळी ताणली जाते आणि त्या जागेत मार जिरतो. तिथे रुमाल किंवा तंबाखूची पुडी कोंबली, की मार थेट डोक्यावर. हनुवटीचा पट्टा उंचीवर लावायचाच, नाहीतर माणूस पडताना हेल्मेट आधीच निघून जातं. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट चीर दिसत नसली तरी बदलून घ्या. त्यावर रंग किंवा थिनरही लावू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं.

आता हार्नेस. पाठीची डी-रिंग दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध यायला हवी. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. एवढं बहुतेक जण करतात. चुकतं ते हूक कुठे अडकवायचा, यात.

समजा तुमचा लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेली हूकवाली दोरी, २ मीटरचा आहे आणि त्याला शॉक अॅब्जॉर्बरची पिशवी आहे. पडलात की ती पिशवी फाटत उलगडते, झटका कमी करते आणि जास्तीत जास्त पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर धरा आणि वर एक मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्याच्या खाली एवढी मोकळी जागा पाहिजे. पायाजवळच्या पाइपला अडकवलात तर खाली आहेत फक्त ४ मीटर. हार्नेस घातलेला असूनही तुम्ही जमिनीवर आपटणार.

हूक पायापासून २ मीटर वर, डोक्यावरच्या पक्क्या अँकरला लावला तर खाली ६ मीटर मिळतात. तरीही पाव मीटर कमीच. त्याच जागी १ मीटरचा लॅनयार्ड घेतला तर गरज सव्वापाच मीटरची, आणि मग जमतं. म्हणून वर चढण्याआधी फोरमनला दोन गोष्टी विचारा: अँकर कुठला, आणि लॅनयार्ड किती लांब? परांचीच्या आडव्या पाइपला अँकर समजू नका. तुमच्या पडण्याचा झटका घेण्यासाठी तो बांधलेला असेलच असं नाही.

ग्राइंडर हातात घेतला की आणखी एक धोका वाढतो. हार्नेसच्या पट्ट्या नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या असतात आणि ठिणगीने त्या वितळतात. पट्टीवर बोट फिरवा. कुठे कडक, चकचकीत ठिपका लागला तर तिथले धागे जळून एकमेकांना चिकटलेत, तो हार्नेस बाजूला काढा. कापताना ठिणग्या लॅनयार्डकडे जाणार नाहीत अशा बाजूला उभे राहा. गरम कामासाठी वायर रोपचा लॅनयार्ड मिळतो, तो मागा. त्यालाही शॉक अॅब्जॉर्बर हवाच.

डिस्कवरचा आकडा वाचायला शिका. १०० मिमीचा छोटा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. १८० मिमीच्या डिस्कवर बहुधा ८,५०० ही मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून ती मोठी डिस्क छोट्या मशीनवर चढवणारे भेटतीलच, पण ती डिस्क फुटू शकते आणि तुकडे तोंडावर येतात. डिस्कवरचा आकडा मशीनच्या आकड्याएवढा किंवा जास्तच हवा. मधल्या धातूच्या कड्यावरची मुदतही बघा. कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका, ती पातळ असते आणि आडव्या दाबाने तडकते.

डिस्क बदलण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नवी डिस्क अंगापासून लांब धरून मिनिटभर मोकळी फिरवा. कापताना दोन्ही हात, बाजूचा दांडा लावलेला, आणि शरीर डिस्कच्या रेषेबाहेर. अँगलचा कापायचा तुकडा लोंबकळू देऊ नका. काप मिटला की डिस्क अडकते आणि मशीन उसळून अंगावर येतं. चष्म्यावर फेस शील्ड घाला आणि मशीनला दोरी बांधून ठेवा, म्हणजे हातातून सुटलं तरी खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही.

एखादा पडून हार्नेसवर लटकला तर पट्ट्यांमुळे पायातलं रक्त वर यायला अडचण होते आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून त्याला कोण आणि कशाने उतरवणार, हे सकाळीच ठरलेलं हवं. शुद्धीवर असेल तर पाय हलवत राहायला सांगा. फाटलेल्या पिशवीचा लॅनयार्ड आणि तो हार्नेस, दोन्ही पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून तिथेच कापून टाका.