मागच्या बाकावरून अक्षरं दिसेनात, तेव्हा पडदा किती मोठा घेतला

आमच्या वर्गाची खोली 30 फूट लांब, 20 फूट रुंद, छत 10 फुटांवर. प्रोजेक्टर चांगला होता, पण शेवटच्या बाकावरच्या मुलांना एक्सेलमधले आकडे वाचता येत नव्हते. पडदा होता 6 फूट रुंद, म्हणजे उंची जेमतेम 3.4 फूट.

वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा बाक पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको, असा ठोकताळा आहे. नुसता व्हिडिओ असेल तर आठपटही चालते. आमचा शेवटचा बाक पडद्यापासून 27 फुटांवर. 27 भागिले 6, उंची आली साडेचार फूट. 16:9 च्या प्रमाणात रुंदी 8 फूट, कर्ण साधारण 110 इंच. दुकानदार कर्णच सांगतो, त्यामुळे उंची काढूनच जावं.

खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर धरली, नाहीतर पुढच्यांची डोकी आड येतात. वरची कड साडेआठ फुटांवर गेली, म्हणजे छताखाली बसली. पहिला बाक उंचीच्या दुप्पट, 9 फुटांवर सरकवला. कोपऱ्यातले दोन बाक फारच तिरपे पडत होते, ते काढले.

एक गोष्ट मात्र पडदा लावल्यावरच कळते: तोच प्रकाश जवळजवळ पावणेदोनपट जागेवर पसरतो, चित्र फिकं होतं. प्रोजेक्टर न बदलता पडद्याजवळच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि पुढची ट्यूबलाइट वेगळ्या बटणावर घेतली. आता आकडे मागूनही वाचता येतात.