व्हिडिओंचं फोल्डर झिप केलं तरी लहान का होत नाही?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेनंतर नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ घरोघरी साठतात. समजा असं ८ जीबीचं फोल्डर पुण्याच्या भावाला पाठवायचंय. झिप केलं, तर आकार जेमतेम १-२ टक्क्यांनी उतरतो, कधी तेवढाही नाही.

कारण पिळण्याचं काम फोननं आधीच केलेलं असतं. १०८० रिझोल्यूशनच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणाचा कच्चा डेटा सेकंदाला सुमारे ९३ एमबी भरतो. फोन त्याचे साधारण २ एमबी करून ठेवतो. एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये न बदललेला भाग तो पुन्हा लिहीतच नाही, आणि उरलेली माहितीही कमीत कमी बिटांत बसवतो. झिप शोधतं ते बाइट्सचे पुन्हा पुन्हा येणारे नमुने. इथे ते जवळजवळ उरलेलेच नसतात. चिपाड पुन्हा चरकात घातल्यासारखंच! 'अल्ट्रा' सेटिंग लावलं तर फक्त वेळ जातो.

अनेक फायली एकत्र बांधायच्या असतील तर झिप जरूर करा, पण 'स्टोअर' पर्याय निवडा. काम झटकन उरकतं. आकारच कमी हवा असेल, तर व्हिडिओ नव्यानं एन्कोड करावा लागतो, उदाहरणार्थ ffmpeg या प्रोग्रामनं:

```
ffmpeg -i yatra.mp4 -c:v libx265 -crf 28 -c:a copy lahan.mp4
```

`crf` चा आकडा वाढवला की फाइल लहान होते, पण गर्दीतले चेहरे आधी पुसट होतात. त्यामुळे एकच क्लिप करून पाहा आणि मूळ फाइल जपून ठेवा. वरची आज्ञा व्हिडिओ एचईव्हीसी या पद्धतीत बसवते; फोननं आधीच त्याच पद्धतीत चित्रण केलं असेल, तर इथेही फायदा कमीच मिळेल.