वडिलांचं जीमेल: पासवर्ड नसताना काय केलं

वडील गेल्यावर त्यांचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. बँका आणि विमा कंपन्यांचे संदेश त्यावरच येतात, त्यावरून कुठे काय आहे ते कळतं.

गूगल पासवर्ड कोणालाच देत नाही, वारसालाही नाही. वडिलांनी गूगल खात्याच्या Inactive Account Manager या सेटिंगमध्ये तुमचं नाव घातलं असेल, तर खातं वापरात नसल्याची त्यांनी ठरवलेली मुदत संपल्यावर, म्हणजे कमीत कमी 3 महिन्यांनी, डेटा उतरवून घेण्याचा दुवा तुम्हाला ईमेलने येतो. नसेल, तर मृत वापरकर्त्याच्या खात्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात खातं बंद करणं आणि डेटा मागणं हे वेगळे पर्याय आहेत. घाईत पहिला निवडला, तर हवे असलेले ईमेलच हातचे जातात!

मृत्यू दाखला मराठीत असेल, तर नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर जोडा. तरीही डेटासाठी न्यायालयाचा आदेश मागितला जाऊ शकतो. वारस दाखला त्याची जागा घेत नाही.

म्हणून माझं मत, ईमेलची वाट पाहत बसू नका. बँकेला ईमेल खातं उघडून दाखवावं लागत नाही. मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन थेट शाखेत अर्ज द्या. नॉमिनी असेल, तर काम बरंच सोपं होतं.