बेरीज चार, तरी बार चूक: टाय, डॉट आणि ट्रिपलेटमधल्या या चुका टाळा

सांगलीत माझ्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीला येणारी बरीच मुलं मिरजेहून, तबल्याच्या क्लासमधून येतात. मात्रा त्यांच्या हातात पक्क्या असतात, घोळ होतो तो कागदावर.

गेल्या आठवड्यात एकीने ४/४ चा बार असा भरला: क्वेव्हर, क्रॉचेट, क्रॉचेट, क्रॉचेट, क्वेव्हर. "सर, बेरीज चार होतेय ना?" होते. अर्धी, एक, एक, एक, अर्धी. पण खाली १ २ ३ ४ लिहून बघा. मधला क्रॉचेट दीड मात्रा झाल्यावर सुरू होऊन अडीचला संपतो, म्हणजे तिसरी मात्रा त्याच्या पोटात दडते. वाचणाऱ्याला बारचा मध्य दिसत नाही. म्हणून तो क्रॉचेट फोडून दोन क्वेव्हर लिहायचे आणि टायने जोडायचे. ऐकायला काहीच बदलत नाही, पण ३ या आकड्यावर आता सुराचं डोकं उभं राहतं. क्रॉचेट, मिनिम, क्रॉचेट हा मात्र मान्य अपवाद आहे. तिथला मिनिम फोडू नका.

टाय एकाच सुराच्या दोन डोक्यांमध्ये काढायचा, दांड्यांच्या टोकांना नाही. तीन सूर जोडायचे असतील तर दोन कमानी हव्यात. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकच लांब कमान काढली की तो स्लर वाटतो.

डॉटची चूक एका गैरसमजातून येते. मुलं डॉट म्हणजे "अर्धी मात्रा जास्त" असं पाठ करतात. क्रॉचेटला ते जुळतं, मिनिमला फसतं: अडीच लिहून मोकळी होतात, खरं उत्तर तीन. डॉट म्हणजे दीडपट, एवढंच धरा. मग डॉटेड क्वेव्हर पाऊण मात्रेचा, आणि मात्रा पुरी करायला पाव हवा, म्हणजे सेमिक्वेव्हर. तिथे क्वेव्हर दिसला की मात्रा सव्वा झाली. सूर रेषेवर असेल तर डॉट वरच्या घरात द्या. रेषेवरचा डॉट दिसतच नाही.

ट्रिपलेट तबलावाल्यांना ऐकताच कळतो: एका मात्रेत तिगुण. लिहिताना मात्र तिगुण दुगुणीपेक्षा जलद म्हणून ती मुलं सेमिक्वेव्हर वापरतात. नियम असा की दोनाच्या जागी तीन, पण स्वरमूल्य दोनाचंच. एका मात्रेत दोन क्वेव्हर बसतात, म्हणून तीन क्वेव्हर आणि वर ३. सेमिक्वेव्हर लिहिले तर ३ असूनही अर्धीच मात्रा भरते. ३ विसरला तर क्वेव्हरचीच दीड मात्रा होते आणि बार अर्ध्या मात्रेने फुगतो. क्रॉचेट आणि क्वेव्हर मिळूनही ट्रिपलेट होतो. तिथे बीम नसतो, म्हणून ३ ला कंस द्यावाच लागतो.