दुबईची नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीचा हिसाब कसा करायचा (आणि आपल्याकडच्यापेक्षा ती किती वेगळी)

गावात आखाती देशातून परतलेला कोणी भेटला की एकच सल्ला देतो, "वर्षाला एक पगार भेटते." हे चूक आहे, आणि या भरवशावर पोट्टे घराचा स्लॅब टाकायला काढतात म्हणून लिहितोय. खालचं सगळं यूएईचं म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबीकडच्या कंपनी कामगारांचं. घरकामवाल्यांना कायदा वेगळा. सौदीवाल्यांनीही हा हिसाब लावू नका, तिथं स्वतःहून राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत तिसरा हिस्सा, दहापर्यंत दोन तृतीयांश आणि त्यानंतर पूर्ण. यूएईत २०२२ पासूनच्या नव्या कायद्यात राजीनाम्याची ही कपात नाही.

आधी लेबर कॉन्ट्रॅक्ट, शेवटची पगार स्लिप आणि पासपोर्टवरचे शिक्के समोर घ्या.

मग नोकरीचा काळ मोजा. एक वर्ष पूर्ण पाहिजे, वरचे महिने हिश्शाने धरतात. पण बिनपगारी सुट्टी यातून वजा होते. पेरणीला म्हणून गावी आला अन् दोन महिने बिनपगारी राहिला, तर ते दोन महिने नोकरीत नाहीत.

आता खरी अडचण, बेसिक. ग्रॅच्युइटी हातात येणाऱ्या पगारावर नाही तर शेवटच्या बेसिकवर निघते, आणि कंपन्या बेसिक मुद्दाम बारीक ठेवून बाकी घरभाडं, जेवण, ट्रान्सपोर्ट अशा अलाउन्समध्ये टाकतात. दारव्ह्याकडच्या एका वेल्डरचे कागद पाहिले, पगार २,००० दिरहम, त्यात बेसिक फक्त ८००. कॅलेंडरने सात वर्षं दोन महिने, बिनपगारी दोन महिने गेले, राहिली सात वर्षं. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवस म्हणजे १०५, पुढच्या दोन वर्षांना ३० प्रमाणे ६०, एकूण १६५ दिवस. ८०० भागिले ३० म्हणजे दिवसाचे २६.६७, तर झाले ४,४०० दिरहम. तो मात्र २,००० च्या पगारावर हिसाब धरून ११,००० ची वाट पाहत होता. कंपनीने त्याला फसवलं नव्हतं, पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदावरच ८०० लिहिलेले होते.

म्हणून एजंट "टोटल इतका" सांगतो तेव्हा बेसिक किती हेच विचारा, अन् पगारवाढ मिळते तेव्हा ती बेसिकमध्ये टाकून मागा. शेवटचा बेसिक सगळ्या जुन्या वर्षांनाही लागतो. याच माणसाचे २०० दिरहम बेसिकमध्ये वाढले असते तर १,१०० जास्त आले असते, अलाउन्समध्ये वाढले तर ग्रॅच्युइटीत एक दिरहमही नाही. हे शेवटच्या महिन्यात सांगून काही होत नाही.

आता इथल्याशी ताडून पाहा. आपल्याकडे वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. सहा महिन्यांवर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, त्याखालचे महिने सोडून देतात. कायम नोकरीला पाच वर्षं लागतात, मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही हक्क आहे. त्यात अलाउन्स एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरतात. म्हणजे हाच २,००० चा पगार इथल्या नियमाने मोजला तर वेतन ८०० नाही, १,००० धरलं जाईल, आणि सात वर्षांचे होतील ४,०३८. दुबईचे दिवस जास्त, पण बेसिक पाडलेला असला की फरक एवढासाच उरतो.

शेवटी सही. व्हिसा कॅन्सलेशनच्या वेळी "सगळं भेटलं" असा कागद पुढे ठेवतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका, ऑफिसातला माणूस कितीही म्हणो की "विमान सुटेल, नंतर टाकतो". ग्रॅच्युइटी, उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे अन् बाकी पगार वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा, एकच मोठा आकडा दिला की त्यातलं काय कमी हे कळतच नाही. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळं द्यावं लागतं. नाही दिलं तर तिथल्या कामगार मंत्रालयाला ८००८४ वर फोन करा, आणि तिथं असतानाच करा, गावी येऊन कागद पाठवत बसणं फार अवघड जातं.