फोटोतल्या पेपरमधलं डिफरन्शियल इक्वेशन: आधी नीट वाचा, मग सोडवा

नाशिकमध्ये पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-टू हा गणिताचा विषय असतो आणि जुने पेपर बहुतेकांकडे व्हॉट्सॲपवरच्या फोटोंच्या रूपात येतात. कुणीतरी घडी पडलेला पेपर बाकावर ठेवून फोटो काढलेला असतो, आणि तो पुढे जाता जाता लहान होत जातो. अशा फोटोत मोठी अक्षरं टिकतात, पण वरचे घातांक आणि बारीक उणे चिन्हं पुसट होतात. पहिल्या ऑर्डरच्या इक्वेशनचा प्रकार तर नेमका त्यांच्यावरच ठरतो.

एक उदाहरण घेऊ. फोटोत असं दिसतंय:

```
dy/dx + y/x = x y^?      y(1) = 1
```

y च्या डोक्यावर ठिपका आहे की २, ते कळत नाही. ठिपका असेल तर उजवीकडे xy आहे. मग y एका बाजूला आणि x दुसऱ्या बाजूला नेता येतो, म्हणजे इक्वेशन सेपरेबल आहे. लिनियर म्हणूनही ते सुटतं. पण २ असेल तर y चा वर्ग आला, लिनियरपणा गेला आणि इक्वेशन बर्नूलीचं झालं. घातांकाबद्दल शंका असताना पेन चालवू नका. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. झूम करून फोटोत नसलेली माहिती येत नाही.

इनिशियल कंडिशनही तपासून घ्यावी. इथे y/x आहे, म्हणून x = 0 ला इक्वेशनच अर्थहीन आहे. कंडिशन y(0) = 1 अशी वाचली गेली असेल, तर वाचण्यात चूक झाली आहे किंवा छपाईत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी बहुतेक जण ती करत नाहीत.

समजा, स्पष्ट फोटो आला आणि घातांक २ निघाला. आता बर्नूली. आधी दोन्ही बाजूंना y² ने भागा:

```
y^(-2) dy/dx + (1/x) y^(-1) = x
```

v = 1/y घ्या. सर्वाधिक मार्क इथेच जातात, कारण dv/dx = −(1/y²) dy/dx यातलं उणे चिन्ह विसरलं जातं. ते ठेवलं, की पहिलं पद −dv/dx होतं. सगळं −1 ने गुणून लिनियर रूप मिळतं:

```
dv/dx - v/x = -x
```

इंटिग्रेटिंग फॅक्टर e^(−∫dx/x), म्हणजे e^(−ln x) = 1/x. इथे −x लिहिणारे दरवर्षी सापडतात. −ln x म्हणजे ln(1/x), हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. फॅक्टरने गुणल्यावर डावी बाजू v/x चं डेरिव्हेटिव्ह होते आणि उजवीकडे फक्त −1 उरतं. म्हणून v/x = −x + C, म्हणजे v = Cx − x². x = 1 ला y = 1, म्हणून v = 1, आणि C = 2.

```
y = 1/(2x - x^2)
```

कॉन्स्टंट C हा v मधल्या उत्तरातच काढावा. आधी y कडे उलटून मग C काढायला गेलं की अपूर्णांकात गुंतायला होतं.

आता पडताळा. अनेक जण x = 1, y = 1 ठेवून उत्तर बरोबर मानतात. पण १ चा कुठलाही घात १ च असतो, त्यामुळे या बिंदूवर xy आणि xy² यांत फरकच दिसत नाही. दोन्हींत dy/dx शून्य येतं. दुसरा बिंदू घ्यावा लागतो. x = 1/2 ठेवा: y = 4/3 आणि उत्तराचं डेरिव्हेटिव्ह (2x − 2)y² = −16/9. डावी बाजू −16/9 + 8/3 = 8/9. उजवी बाजू (1/2)(16/9) = 8/9. जुळलं. घातांक १ धरला असता तर उजवीकडे 2/3 आलं असतं आणि न जुळल्याचं लगेच दिसलं असतं.

मात्र हा पडताळा तुम्ही उतरवून घेतलेल्या इक्वेशनचा आहे. इक्वेशन चुकीचं वाचून ते बिनचूक सोडवलं, तरी पडताळा जुळतोच. म्हणून तो फोटो वाचण्याची जागा घेत नाही.

शेवटी उत्तर कुठपर्यंत चालतं, तेही लिहा. 2x − x² हे x = 0 आणि x = 2 ला शून्य होतं, तिथे y अनंताकडे जातो. आपली कंडिशन x = 1 ला आहे, म्हणून उत्तर 0 < x < 2 मध्येच ग्राह्य. y² ने भागताना y = 0 हे सोल्युशन हरवतं, पण y(1) = 1 असल्यामुळे ते इथे लागू नाही. कंडिशन y(1) = 0 असती, तर मात्र तेच उत्तर होतं आणि v = 1/y घेताच आलं नसतं.